नऊ तसबिरी, सहा भोकं

आपल्या घरांत भिंतीवर काय काय असतं, ते एकदा मोजून पाहावं. बैठकीत आयतुल कुर्सी, चार कुल, काबा शरीफचं चित्र, हजहून कुणी आणलेला तुघरा, मुलाची पदवी, मुलीनं शाळेत असताना भरलेलं बिस्मिल्लाह. दरवर्षी एखादी भर पडते आणि दर वेळी एक खिळा ठोकला जातो. खिळा वाकतो, गिलाव्याचा पापुद्रा निघतो, मग त्याच्या शेजारी दुसरा खिळा. घर भाड्याचं असेल तर सोडताना मालक भिंतीकडे बोट दाखवतो आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो. घर स्वतःचं असेल तर भोकं आपल्याच नशिबी राहतात.

यावर जुना उपाय आहे. भिंतीवर वरच्या बाजूला एकच आडवी पट्टी पक्की बसवायची आणि सगळ्या तसबिरी तारेनं तिच्यावर टांगायच्या. इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांत अशी लाकडी पट्टी भिंतभर फिरवलेली आजही दिसते. भोकं लागतात ती फक्त पट्टीला. पुढे तसबिरी वाढल्या, कमी झाल्या, जागा बदलली, तरी भिंतीला हात लावावा लागत नाही.

मिरजेला आमच्या मोठ्या आपाच्या घरी आम्ही ही पट्टी बसवली. त्या कामाचा तपशील इथे देतो, कारण तिच्या भिंतीसारख्या भिंती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. जुनं नऊ इंची वीटकाम, विटांच्या मध्ये चुना आणि वरून नंतर कधीतरी केलेला सिमेंटचा गिलावा.

आपाची काळजी एका तुघऱ्यापुरती होती. तिच्या सासऱ्यांनी तो काचेवर उलट्या बाजूनं, स्वतःच्या हातानं रंगवला होता. अशा कामात काच हाच कागद असतो, म्हणजे काच फुटली की काम गेलं, ते पुन्हा छापून आणता येत नाही. हा तुघरा एकदा आधीच्या घरात दिवाणावर पडला होता आणि त्याचा एक कोपरा तडकला होता. दिवाणावर तेव्हा कुणी नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह. तेव्हापासून तो कपाटात चादरीत गुंडाळून ठेवलेला. दुल्हाभाईंचं म्हणणं, "भिंतीवर लागला तरच त्याला अर्थ आहे." आपाचं म्हणणं, "पुन्हा पडला तर?"

तो का पडला असेल, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं काम समजतं. खिळा ठोकल्यावर तो आधी गिलाव्यात शिरतो. गिलावा साधारण अर्धा ते पाऊण इंच जाड असतो. दीड इंची खिळ्याचा थोडा भाग बाहेर राहतो, पाऊण इंच गिलाव्यात जातो, आणि विटेत जेमतेम टोक पोहोचतं. शिवाय हातोड्याच्या दणक्यानं खिळ्याभोवतीचा गिलावा विटेपासून सुटतो. वरून भिंत धड दिसते, आत पोकळी झालेली असते. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करून पाहा. भरीव भिंत कोरडा, टणक आवाज देते. सुटलेल्या गिलाव्याचा आवाज ढब् असा येतो. अशा जागी वजन टांगूच नये.

दोन्ही बाजूंनी चिकटणारे हूक हल्ली सगळीकडे मिळतात. टाइल्सवर किंवा कपाटाच्या दारावर ते चांगले टिकतात. भिंतीवर मात्र ते विटेला नव्हे तर रंगाला चिकटलेले असतात. पावसाळ्यात भिंत ओल धरते, डिस्टेंपरचा थर सुटतो आणि हूक रंगासकट खाली येतो. हलक्या कॅलेंडरला ठीक, काचेच्या तसबिरीला नाही.

आता वजनाचं बघू. तीन मिलिमीटर जाडीची काच एक चौरस मीटरला साडेसात किलो भरते. आपाचा तुघरा चोवीस इंच रुंद आणि अठरा इंच उंच, म्हणजे नुसत्या काचेचंच वजन दोन किलोच्या वर जातं. चौकट आणि मागचा प्लायवूड धरून तो चार किलो भरला. प्रवासाची बॅग तोलायचा हूकवाला काटा असतो, त्यावर आम्ही एकेक तसबीर तोलली. नऊ मिळून सोळा किलो झाल्या. हा आकडा आधी माहीत असला की पट्टी आणि स्क्रू अंदाजानं घ्यावे लागत नाहीत.

भिंत कोणती निवडावी, यावर घरात थोडी चर्चा झाली. पश्चिमेची भिंत सर्वांत मोठी आणि मोकळी होती. पण आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. घरात नमाज त्याच भिंतीकडे तोंड करून होते आणि समोर चित्रांची गर्दी असली की नजर खेचली जाते. ती भिंत मोकळीच बरी. दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं आहे. पावसाचा मारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो, त्यामुळे बाहेरची पश्चिम भिंत सर्वांत जास्त ओल धरते. तिच्यावर लावलेल्या तसबिरींच्या मागे बुरशी धरते आणि कागद काचेला चिकटतो. आम्ही दोन खोल्यांमधली आतली भिंत घेतली. माणसांचे फोटो आपाच्या घरी बैठकीत लावत नाहीत, ते आतल्या खोलीत आहेत. याबाबत ज्याचा त्याचा विचार.

पट्टी गल्लीतल्या सुतारचाचांनी सागवानाची करून दिली. आठ फूट लांब, तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. तिच्यात एकच खुबी आहे. वरच्या कडेला मागच्या बाजूनं अर्धा इंच खोल आणि पाव इंच रुंद अशी खाच रंध्यानं काढलेली. पट्टी भिंतीला लागली की खाच आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते. एस आकाराचा चपटा लोखंडी हूक या फटीत वरून अडकतो आणि त्याचं खालचं टोक पट्टीच्या पुढे येतं. हूक कुठेही बसवता येतो, डावी-उजवीकडे सरकवता येतो आणि वजन आल्यावर आपोआप घट्ट बसतो. चाचांच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं अर्धा इंच रुंद पट्टीचे अठरा हूक वाकवून दिले. ते गंजू नयेत म्हणून आम्ही रंगवून घेतले.

सुतार मिळत नसेल तर तयार अॅल्युमिनियमचं चॅनेल मिळतं. त्याबरोबर तारा आणि खाली-वर सरकणारे हूकही येतात. ते दिसायला बारीक आणि भाड्याच्या घरातून काढून नेता येण्यासारखं असतं. पाकिटावर लिहिलेलं वजन मात्र वाचून घ्यावं, कारण काही चॅनेल फक्त हलक्या फ्रेमसाठी असतात.

पट्टी जमिनीपासून सात फूट आठ इंचांवर धरली. दाराच्या वरची लादी सात फुटांवर असते, तिच्या वर निघालेलं बरं. नव्या घरांत त्या उंचीला भिंतभर काँक्रीटचा पट्टा असू शकतो. ड्रिल आत जाईना आणि करडी, खरखरीत भुकटी येत राहिली तर तो लागला असं समजावं. त्यातही भोक पाडता येतं, फक्त ठोक्याचं ड्रिल लागतं आणि वेळ जातो. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली मात्र भोक पाडायचं नाही, भिंतीतल्या वायरची नळी तिथूनच गेलेली असते. आपाच्या घरी वायरिंग बाहेरून पट्टीतलं आहे, त्यामुळे ती भीती नव्हती.

समपातळी घेताना छताकडे किंवा जमिनीकडे बघून चालत नाही, जुन्या घरांत दोन्ही कललेली असतात. लांब पाणसळ नसेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरून घ्यावी. नळीच्या दोन टोकांतलं पाणी जिथे थांबेल, ते दोन बिंदू एका पातळीत.

आता स्क्रूंचा हिशेब. पट्टी शहाण्णव इंचांची. दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच सोडून, मध्ये दर अठरा इंचांना एक, असे सहा स्क्रू बसतात. सोळा किलो सहा स्क्रूंवर म्हणजे प्रत्येकी तीन किलोसुद्धा नाही. विटेत नीट धरलेला स्क्रू याहून किती तरी जास्त पेलतो. अडचण वजनाची नसते, स्क्रू विटेतच आहे की नाही याची असते.

स्क्रू तीन इंची घेतले, दहा नंबरचे. तीन इंचांपैकी पाऊण इंच पट्टीत गेला, पाऊण इंच गिलाव्यात, उरलेला दीड इंच विटेत. गिलाव्यातल्या लांबीचा भरवसा धरायचा नाही, कामाचा तो विटेतला दीड इंचच. आठ मिलिमीटरचा प्लास्टिकचा प्लग, ज्याला इलेक्ट्रिशियन गिट्टी म्हणतात, तोही पूर्ण विटेत गेला पाहिजे. म्हणून भोक अडीच इंच खोल पाडलं आणि गिट्टी स्क्रूच्या टोकानं गिलाव्याच्या पलीकडे सारली. ड्रिलच्या बिटवर अडीच इंचांवर कागदी चिकटपट्टी गुंडाळली की खोली मोजत बसावं लागत नाही.

पहिलं भोक पाडताना बाकीच्या पाच खुणा केल्या नव्हत्या, आणि हे मुद्दाम होतं. विटांचे थर आडवे असतात आणि पट्टीही आडवी. पहिलं भोक दोन थरांमधल्या दर्जेत पडलं, तर त्या पातळीवरची सगळी भोकं बहुधा दर्जेतच पडणार. कुठे पडलं ते भुकटी सांगते. खाली कागद धरायचा आणि रंग बघायचा. आधी करडी भुकटी येते, तो सिमेंटचा गिलावा. मग लाल आली की वीट लागली. लाल न येता करडीच येत राहिली तर बिट सिमेंटच्या दर्जेत आहे. पांढरी किंवा पिवळट आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं सटकन आत गेलं, तर तो जुना चुना. चुन्यात गिट्टी नुसती फिरत राहते आणि थोड्याच दिवसांत स्क्रू सैल पडतो.

आपाच्या भिंतीत नेमकं तेच झालं. करडी, मग एकदम पांढरी. आम्ही सगळी रेघ सव्वा इंच वर सरकवली. आपल्याकडची वीट साधारण तीन इंच उंच असते, त्यामुळे तेवढ्या सरकण्यानं बिट विटेच्या अंगात येतं. पट्टी तीन इंच रुंद ठेवली होती ती याच विचारानं. स्क्रूची रेघ तिच्या मधोमध, त्यामुळे सव्वा इंच खालचं चुकार भोक पट्टीमागे झाकलं गेलं. ते आधी पुट्टीनं भरून घेतलं. नव्या रेघेवर सगळीकडे लाल भुकटी आली. फक्त टोकाकडचं एक भोक दोन विटांमधल्या उभ्या दर्जेत गेलं, तिथे दोन इंच बाजूला सरकून पुन्हा पाडलं.

भोकातली भुकटी काढायला पुष्कळ लोक विसरतात. भुकटीनं भरलेल्या भोकात गिट्टी धरत नाही. आम्ही सायकलच्या पंपानं चार-पाच वेळा हवा मारली. तोंडानं फुंकर मारू नये, सगळं डोळ्यांत येतं.

भिंत साडेचार इंचाची असेल, म्हणजे एकाच विटेच्या रुंदीची, तर ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवूनच भोक पाडावं. ठोक्यानं पलीकडच्या खोलीतला गिलावा उडतो, आणि पलीकडे शेजाऱ्यांचं घर असेल तर पुढचं काय ते सांगायला नको. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची नवी भिंत असेल तर या साध्या गिट्ट्या तिथे नीट धरत नाहीत, त्या ब्लॉकसाठी वेगळ्या मिळतात.

पट्टी बसली. दुल्हाभाई तिला दोन्ही हातांनी लोंबकळून बघणार होते, आपानं अडवलं. आम्ही त्याऐवजी वीस किलो तांदळाची गोणी मधल्या दोन हुकांना दोरीनं बांधून एक रात्र टांगून ठेवली. सकाळी पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये कागद सरकवून पाहिला. तो कुठेही शिरला नाही, म्हणजे पट्टी जागची हलली नव्हती.

आता तार. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी तार स्वस्त मिळते आणि बहुतेक घरांत तीच वापरलेली दिसते. ती एका पावसाळ्यात गंजते आणि पीळ दिलेल्या जागी तुटते. मासेमारीचा नायलॉन दोरा गंजत नाही, पण वजनानं ताणत जातो आणि तसबीर महिन्याभरात तिरकी होते. दीड मिलिमीटरची, बारीक धाग्यांची विणलेली स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी.

तार बांधायची रीतही महत्त्वाची आहे. आपण बहुतेक चौकटीच्या मागे दोन बाजूंना कड्या लावून आडवी तार ताणतो आणि मधोमध एका खिळ्यावर अडकवतो. ही तार जितकी ताठ, तितका तिच्यावरचा ओढा जास्त, हे चटकन पटत नाही. आपाच्या तुघऱ्याचंच उदाहरण घ्या. कड्या सोळा इंच अंतरावर असतील आणि तार मध्ये जेमतेम दीड इंच वर उचलली जात असेल, तर चार किलोच्या तसबिरीत तारेच्या प्रत्येक बाजूवर अकरा किलोंच्या आसपास ओढा येतो. तीच तार सैल ठेवून साडेचार इंच वर उचलली जाऊ दिली, तर ओढा चार किलोंवर येतो. आणि दोन सरळ उभ्या तारांवर टांगली तर प्रत्येक तारेवर फक्त दोन किलो. ताठ तारेचा ओढा कड्यांना आतल्या बाजूला खेचतो आणि त्यांचे छोटे स्क्रू लाकडातून उपटून निघतात. कपाटातला तुघरा उलटा करून पाहिला तेव्हा त्याच्या एका कडीचं भोक लांबट झालेलं दिसलं. खिळा आणि कडी, दोघांनीही साथ सोडली असावी.

म्हणून प्रत्येक तसबिरीला दोन उभ्या तारा, पट्टीवर दोन हूक. खालची तसबीर वरच्या तसबिरीच्या तळाला अडकवायची नाही. तसं केलं तर खालचं सगळं वजन वरच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या फेविकॉलवर येतं. खालच्या तसबिरीच्या तारा वरच्या तसबिरीमागून सरळ पट्टीपर्यंत न्यायच्या. पट्टीखाली तारा दिसतात हे खरं, पण सात-आठ फुटांवरून इतकी बारीक तार डोळ्यांत भरत नाही.

कड्या चौकटीच्या वरच्या कडेपासून दोन इंचांवर लावल्या. कड्या खाली असल्या की तसबीर डोकं पुढे काढून झुकते आणि काचेवर ट्यूबलाइट चमकते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे पातळ तुकडे चिकटवले. त्यानं भिंतीवर काळा ओरखडा पडत नाही आणि मागे हवा खेळती राहते.

मांडणी आधी जमिनीवर, चटईवर केली. तीन रांगा, प्रत्येकीत तीन. आयतींचे फलक वरच्या रांगेत: मध्ये तुघरा, डावीकडे आयतुल कुर्सी, उजवीकडे चार कुल. त्यांच्या खाली काबा शरीफ, मस्जिद-ए-नबवी आणि मुलीचं भरतकाम. या भरतकामात बिस्मिल्लाह असल्यामुळे ते वर हवं, असं आपाचं मत होतं, पण वर ते फार लहान दिसत होतं. दिवाणावर टेकून बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर ते राहतंय, एवढ्यावर तिचं समाधान झालं. सर्वांत खाली दोन पदव्या आणि गावच्या मशिदीचा फोटो.

तुघरा सर्वांत जड, म्हणून तो दोन स्क्रूंच्या बरोबर खाली आणला. पट्टीचे मधले दोन स्क्रू अठरा इंच अंतरावर आहेत, तर तुघऱ्याच्या कड्याही अठरा इंचांवर लावल्या, दोन्ही कडांपासून तीन-तीन इंच आत. हूक थेट स्क्रूंच्या जागी आले. हलक्या तसबिरी दोन स्क्रूंच्या मधल्या जागेत चालतात.

टांगताना एका बाजूची तार पूर्ण पीळ देऊन बांधावी आणि दुसऱ्या बाजूची कडीतून दोनदा ओवून एकच पीळ द्यावा. मग चौकटीवर छोटी पाणसळ ठेवून तार ओढून-सोडून पातळी जुळवावी आणि त्यानंतर बाकीचे पाच-सहा पीळ द्यावेत. आधीच सगळे पीळ दिले की तसबीर एका सुतानं कलते आणि तार पुन्हा कापावी लागते. हे काम दोघांचं आहे. एकानं धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं, आणि मुलांना दिवाणावरून उतरवायचं.

नऊही तसबिरी लागल्यावर पट्टीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड फूट जागा उरली आहे. धाकट्याची पदवी पुढच्या वर्षी येईल, इन्शाअल्लाह, तिला दोन हूक आणि दोन तारा पुरतील. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, कड्यांजवळचे पीळ बोटानं चाचपून बघायचे. तारेचा एखादा धागा तुटून टोचू लागला असेल तर ती तार बदलायची. रमजानच्या आधी भिंतीला रंग द्यायचा झाला तर हूक उचलून तसबिरी उतरवायच्या आणि पट्टीभोवती कागद लावायचा. हुकांच्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून आपानं पट्टीच्या वरच्या कडेवर, खालून दिसणार नाहीत अशा, पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्या आहेत.